पत्र्याचा भाव ६० की ६३?

महाळुंग्यात एका प्रेस शॉपच्या स्टोअरमध्ये मी कामाला लागलो, तेव्हा आमचा एक जॉब कागदावर फायद्यात दिसायचा आणि त्याच्या पुढचा उगाच महाग. मशीन तेच, पत्रा तोच. गडबड स्टॉक लेजरमध्ये होती. आज तेवढंच सांगतो. आकडे सोपे करून घेतलेत.

सीआर पत्रा शिल्लक ४०० किलो, भाव ६० रुपये, म्हणजे २४,००० चा माल. त्यावर ६०० किलो आला ६५ रुपयांनी, ३९,००० चा. आता ६० आणि ६५ ची सरासरी साडेबासष्ट काढू नका. किलो जास्त कुठल्या भावाचे, ते बघायला हवं ना! रुपयांची बेरीज ६३,०००, किलोंची १,०००, म्हणून भाव ६३. पुढची खरेदी येईपर्यंत प्रत्येक इश्यू याच भावाने. ५०० किलो प्रेसवर गेला तर जॉबवर ३१,५०० पडले आणि शिल्लकही ३१,५०० चीच राहिली. इश्यूने भाव हलत नाही, खरेदीने हलतो. मग ५०० किलो ६९ ने आला की ६६,००० भागिले १,०००, नवा भाव ६६. (गाडीभाडं खरेदीत धरा. ज्या जीएसटीचं क्रेडिट मिळतं, तो धरू नका.)

आमच्याकडे काय व्हायचं? गाडी सकाळी यायची, माल उतरायचा, पण बिल आलं नाही म्हणून एंट्री राहायची. प्रेसवाले थोडेच थांबणार! लेजरला ४०० किलोच माहीत, आणि आम्ही ५०० इश्यू केले, जुन्या ६० च्या भावाने. जॉबवर पडले ३०,०००. शिल्लक उणे १०० किलो, उणे ६,००० रुपये. चार दिवसांनी ३९,००० ची खरेदी चढवली की शिल्लक ५०० किलो, ३३,००० रुपये. भाव ६६!

म्हणजे ६० आणि ६५ ने घेतलेला माल ६६ ने पडला. असला भाव आपण कधी दिलाच नव्हता. एकूण रुपये बरोबर जुळतात, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. पण पहिल्या जॉबचे १,५०० रुपये पुढच्या जॉबच्या डोक्यावर गेले.

ओळखायचं कसं? शिल्लकेच्या रकान्यात उणे आकडा शोधा. सरासरी भाव खरेदीच्या सगळ्या भावांच्या वर किंवा खाली गेला, तरी तिथेच थांबा.

आम्ही मग चलनावरच आवक चढवायला लागलो, भाव पीओचा धरून. बिलात फरक निघाला, तर आवकेच्या तारखेपासून पुढचे सगळे इश्यू परत मोजायचे. कंटाळवाणं आहे, पण त्याशिवाय उपाय नाही.

आणि हो, नवीन कोटेशन देताना हा ६३ किंवा ६६ वापरू नका. तिथे आजचा बाजारभाव विचारा. लेजरचा भाव गेलेल्या मालाचा हिशोब सांगतो, उद्या घ्यायच्या मालाचा नाही.