करारपत्रातलं एक वाक्य आणि आमचे चौसष्ट हजार

आम्ही चौघी एकाच बचत गटातल्या. गटाचं काम वेगळं चालू ठेवून आम्ही मसाले-पापडासाठी भागीदारी फर्म काढली. प्रत्येकीने पन्नास हजार रुपये भांडवल घातलं. दोघी रोज कामावर असतो, खरेदी-विक्री बघतो. बाकीच्या दोघींचे फक्त पैसे आहेत.

करारपत्र करताना टायपिंगवाल्याकडे तयार नमुना होता, तोच आम्ही घेतला. त्यात लिहिलं होतं, "भागीदारांना परस्परसंमतीने ठरेल ते मानधन व भांडवलावर योग्य ते व्याज देण्यात येईल." आम्हाला ते सोयीचं वाटलं. कमी-जास्त करता येईल, असं वाटलं.

२०२२-२३ साली मानधन आणि व्याज धरण्याआधी फर्मला तीन लाख नफा झाला. कामावरच्या दोघींना दरमहा साडेसात हजार, म्हणजे वर्षाचे एक लाख ऐंशी हजार मानधन दिलं. दोन लाख भांडवलावर बारा टक्क्यांनी चोवीस हजार व्याज दिलं. हे दोन लाख चार हजार खर्चात धरून उरलेल्या शहाण्णव हजारांवर आम्ही कर भरला.

मग प्राप्तिकर खात्याची नोटीस आली. त्यांनी करारपत्र मागितलं, ते वाचलं आणि विचारलं, "मानधनाची रक्कम आणि व्याजाचा दर यात कुठे आहे? नसेल, तर हा खर्च नामंजूर का करू नये?"

आम्ही बँकेची पासबुकं दाखवली, हिशेबाच्या वह्या दाखवल्या. पैसे खरंच दिले होते. पण प्रश्न तो नव्हताच. फर्मने भागीदाराला पैसे देणं म्हणजे एका खिशातून दुसऱ्या खिशात टाकणं. वर्षअखेरीला नफा बघून हवा तो आकडा टाकता येऊ नये, म्हणून तो आधी करारात लिहिलेला असावा, असं त्या वर्षाला लागू असलेल्या १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याचं कलम ४०(ब) सांगत होतं. मानधन फक्त प्रत्यक्ष काम करणाऱ्या भागीदारालाच चालतं आणि त्याला नफ्याच्या प्रमाणात कमाल मर्यादा आहे. व्याज बारा टक्के सरळ व्याजापर्यंतच चालतं. आमचे आकडे या मर्यादेत होते. अडलं ते लिखाणात.

१९९६ च्या एका परिपत्रकात प्रत्यक्ष कर मंडळाने हे आणखी स्पष्ट केलं आहे. प्रत्येक काम करणाऱ्या भागीदाराची रक्कम करारात लिहा, नाहीतर ती कशी काढायची ती रीत लिहा. "परस्परसंमतीने ठरेल" यात रक्कम नाही आणि रीतही नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २०११ मध्ये अशाच मोघम कलमावर फर्मच्या विरुद्ध निकाल दिला. उलट, कायद्यातल्या हिशेबाप्रमाणे मानधन देऊ असं करारात असेल, तर रीत दिलेली आहे असं हिमाचल प्रदेश उच्च न्यायालयाने मान्य केलं. आमच्याकडे तेवढंही नव्हतं.

दोन लाख चार हजार पुन्हा नफ्यात मिळवले गेले. फर्मला तीस टक्के कर, त्यावर चार टक्के उपकर. म्हणजे ६३,६४८ रुपये जादा कर, शिवाय उशिराचं व्याज. अपील तीस दिवसांत करता येतं, पण आमचंच वाक्य आमच्या विरुद्ध होतं, म्हणून आम्ही ते केलं नाही. एक गोष्ट मात्र लेखी उत्तरात आवर्जून मांडली. फर्मच्या हिशेबात जेवढं नामंजूर होतं, तेवढं भागीदाराच्या उत्पन्नात धरायचं नसतं. नाहीतर त्याच पैशावर दोनदा कर बसतो.

मग पुरवणी करारपत्र केलं. मागची तारीख टाकू का, असं आमच्यातल्या एकीने विचारलं. ते खोटं ठरलं असतं, आणि कायदा मानधन करारानंतरच्या काळाचंच धरतो. म्हणून खरी तारीख टाकली. आता त्यात असं आहे: कामकाज पाहणाऱ्या दोघी भागीदार, त्यांची नावं, प्रत्येकीला दरमहा साडेसात हजार मानधन, मात्र प्राप्तिकर कायद्याच्या मर्यादेत, सर्व भागीदारांच्या भांडवलावर दरसाल दरशेकडा बारा टक्के सरळ व्याज. चौघींच्या सह्या झाल्या. मानधन वाढवायचं ठरलं, तर आधी पुरवणी करार, मग पैसे.

तुमच्यापैकी कुणाची भागीदारी फर्म असेल, तर आज घरी गेल्यावर करारपत्र काढा आणि मानधनाचं कलम मोठ्याने वाचा. ते ऐकून तुमच्या घरच्या शाळकरी मुलीला कुणाला किती मिळणार हा आकडा काढता आला, तर कलम ठीक आहे. तिला काढता आला नाही, तर साहेबांनाही येणार नाही.