दोन पेपरांमधील चित्रपट



आजचा विषय जाहीर झाल्यावर एका वृद्ध स्नेह्यांनी आम्हांला रस्त्यात गाठले आणि विचारले, "अहो, परीक्षेच्या दिवसांत मुलांना चित्रपट दाखवायचा की त्यांच्यापासून लपवायचा?" त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. त्यांच्या काळी चित्रपट थिएटरात असे, तिकिटाचे पैसे वडिलांच्या खिशात असत आणि शेवटचा पेपर होईपर्यंत ते खिशातून बाहेर येत नसत. आज चित्रपटच मुलाच्या खिशात असतो. तेव्हा लपविण्याचा प्रश्न निकालात निघाला आहे. उरतो तो निवडीचा. दोन तास मोकळे आहेत, डोके शिणले आहे, आणि पुढचा पेपर दोन-तीन दिवसांवर आहे, अशा वेळी मुलाने पाहावे तरी काय?

या प्रश्नाकडे आम्ही वळलो तो एका घरगुती फजितीमुळे. आमची भाची शिकायला आमच्याकडेच असते. बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाच्या परीक्षेत तिचा एक पेपर सोमवारी अकरा ते दोन झाला आणि पुढचा, ऑडिटिंगचा, गुरुवारी होता. मधले दोन दिवस मोकळे. सोमवारी संध्याकाळी तिने सुट्टी घ्यावी असे आम्हीच सुचविले, आणि चांगला म्हणून नावाजलेला चित्रपट लावून दिला. तो होता ख्रिस्तोफर नोलन यांचा २०१०चा 'इन्सेप्शन'. चित्रपट उत्तम आहे, यात शंका नाही. पण त्यात स्वप्नाच्या पोटात स्वप्न आणि त्याच्या पोटात आणखी एक स्वप्न. शेवटी नायक घरी पोचतो, टेबलावर एक भिंगरी फिरवतो, ती पडली तर हे जग खरे, न पडली तर तेही स्वप्नच. आणि ती पडते की नाही हे दिसण्याआधीच पडदा काळा होतो! रात्री जेवताना भाचीचा पहिला प्रश्न, "मामा, तुम्हीच सांगा, ती भिंगरी पडली की नाही?" आम्ही काय सांगणार? मग तिने इंटरनेटवर जाऊन लोकांनी केलेले उलगडे वाचायला घेतले. त्यांतले कोणतेही दोन एकमेकांशी जुळत नव्हते. दिवा एक वाजता मालवला. आणि मंगळवारी सकाळी ऑडिटिंगचे पान समोर असताना ही मुलगी खिडकीबाहेर पाहत बसलेली. विचारले तर म्हणाली, "डोक्यात भिंगरी फिरते आहे."

तिला आम्ही विश्रांती द्यायला गेलो आणि एक न सुटलेले गणित देऊन बसलो.

हे असे का होते याचा थोडा शोध मानसशास्त्रज्ञांनी घेतलेला आहे. १९२०च्या दशकात बर्लिनमध्ये कुर्ट लेविन नावाचे प्राध्यापक होते. त्यांच्या दोन विद्यार्थिनींनी अपुऱ्या राहिलेल्या कामांवर प्रयोग केले. ब्लूमा झायगार्निक यांनी १९२७ साली असे प्रसिद्ध केले की मध्येच थांबविलेली कामे माणसाला पुरी झालेल्या कामांपेक्षा अधिक आठवतात. मारिया ओव्सिआंकिना यांनी पुढच्याच वर्षी दाखविले की काम मध्ये तोडले तर संधी मिळताच माणूस, कोणी न सांगता, पुन्हा त्याच्याकडे वळतो. पहिल्या बाईंचे नाव अधिक गाजले. परंतु अलीकडे या विषयावरील जुन्या-नव्या प्रयोगांची एकत्र छाननी झाली तेव्हा आठवणीचा नियम डळमळीत निघाला आणि पुन्हा वळण्याचा नियम टिकला. आमच्या कामाचा आहे तोही दुसराच. भाचीला चित्रपट फार आठवत होता ही अडचण नव्हतीच. तिचे मन उठून पुन्हा तिकडे जात होते, ही अडचण होती.

म्हणून निवडीची पहिली कसोटी आम्ही अशी धरतो, की चित्रपटाने स्वतःचे दार स्वतः लावून घेतले पाहिजे. शेवट गोड असावा एवढाच याचा अर्थ नव्हे. शेवटी विचारण्यासारखे काही उरू नये, हा अर्थ. याच कारणाने मालिकेचा एखादा 'छोटासा' भाग चित्रपटापेक्षा लहान असूनही अधिक घातक ठरतो. मालिकेचा भाग मुद्दामच अर्ध्यावर तोडलेला असतो. तुम्ही पुढचा पाहावा यासाठीच तो तसा रचलेला असतो. दोन तासांचा चित्रपट निदान संपतो तरी. पण त्याचा दुसरा भाग निघालेला असेल, तर तोही या यादीतून गेला.

आता गुरुवारच्या पेपरानंतर पुन्हा दोन दिवसांची फट होती. घरात सल्लामसलत झाली. आमच्या धाकट्या बंधूंनी 'थ्री इडियट्स' सुचविला. विद्यार्थ्यांचाच चित्रपट, हसवणारा, मुलांच्या आवडीचा. आम्ही नको म्हटले. एक तर तो पावणेतीन तासांहून मोठा. दुसरे असे की, त्यात हसण्याच्या बरोबरीने गुणांची चढाओढ आहे, नापास होण्याची भीती आहे आणि वसतिगृहातील एका विद्यार्थ्याची आत्महत्याही आहे. परीक्षेतून दोन तास बाहेर पडू पाहणाऱ्या मुलाला पुन्हा परीक्षेच्याच मांडवात नेऊन बसविण्यात काय अर्थ? सुट्टीनंतर, निकालाच्या आधी, तो जरूर पाहावा.

शेवटी ठरला हृषीकेश मुखर्जींचा १९७५चा 'चुपके चुपके'. हा भाचीने आधी दोनदा पाहिलेला होता आणि आम्हांला तो दोष न वाटता गुण वाटला. पाहिलेल्या चित्रपटात पुढे काय होणार ही टांगणी नसते. मन सैलावून बसते.

पण या चित्रपटाची खरी खुबी वेगळीच आहे, ती थोडी उलगडून सांगतो. यात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक परिमल त्रिपाठी हे आपल्या बायकोच्या मेहुण्यांची, शुद्ध हिंदीचा अभिमान बाळगणाऱ्या जीजाजींची, गंमत करण्यासाठी त्यांच्याकडे ड्रायव्हर म्हणून राहतात. हे गुपित प्रेक्षकाला पहिल्यापासून ठाऊक असते. ठाऊक नसते ते फक्त जीजाजींना. रहस्यपटात नेमके उलटे असते. तिथे पात्राला ठाऊक असते आणि प्रेक्षक अंधारात चाचपडतो. अंधारात असलेला प्रेक्षक दोन तास तर्क लढवीत राहतो, म्हणजे एका परीने अभ्यासच करीत राहतो. ज्याला सर्व माहीत आहे त्याला काही सोडवायचे नसते. तो नुसता पाहतो आणि हसतो. त्यात कोणी खलनायक नाही, कोणाच्या जिवाला धोका नाही. शेवटी सोंग उघडे पडते, सर्वांची समजूत पटते आणि गोष्ट मिटते. हलका चित्रपट निवडताना आम्ही आता हाच प्रश्न आधी विचारतो, की गुपित कोणाला ठाऊक आहे, पात्राला की आपल्याला?

इथे एक अपवाद सांगायला हवा. याच चित्रपटात इंग्रजीच्या एका प्राध्यापकावर वनस्पतिशास्त्र शिकविण्याची पाळी येते आणि त्यांची त्रेधा उडते. बी.कॉम.च्या मुलीला ती नुसती मौज. पण ज्याचा परवा वनस्पतिशास्त्राचा पेपर आहे, त्याला आम्ही हा चित्रपट देणार नाही. तो हसायचे सोडून त्यांच्या चुका दुरुस्त करीत बसेल.

गाण्यांचेही भय असते. नुकतेच ऐकलेले गाणे दुसऱ्या दिवशी डोक्यात घुमत राहते, आणि वाचनात त्याइतका चिवट अडथळा नाही. इंग्लंडातील रेडिंग विद्यापीठात २०१५ साली असे आढळले की च्युइंगगम चघळीत राहिल्यास गाणे डोक्यात कमी वेळा येते. जबडा कामात असला की मनातल्या मनात गुणगुणणे अवघड जाते म्हणे. आमच्या घरी हा उपाय शेंगदाण्यांवर करून पाहिला गेला. शेंगदाणे संपले, गाणे राहिले. त्यापेक्षा नवे, नाचते गाणे असलेला चित्रपटच टाळावा हे बरे.

वेळेचेही थोडे सांगतो. 'चुपके चुपके' सुमारे दोन तास सात मिनिटांचा आहे. आम्ही तो साडेसहाला लावला, म्हणजे पावणेनऊच्या आत पाने वाढता आली आणि झोप जागच्या जागी राहिली. चित्रपट आदल्या दिवशीच ठरवून ठेवला होता, कारण ऐन वेळी यादी चाळत बसले की पाऊण तास चाळण्यातच जातो आणि शेवटी हाती लागते ते भलतेच. दोन-तीन नावे आम्ही पुढे केली. त्यांतले एक तिने निवडले. दुसऱ्याने लादलेली विश्रांती हीही एक शिकवणीच होते. टीव्हीवर ऑटोप्ले बंद केले, नाही तर शेवटची पाटी हलते आहे तोच दुसरा चित्रपट सुरू होतो.

दिवस मात्र पेपर झाल्याचाच निवडला होता, आणि त्यामागे कारण आहे. जर्मनीतील गॉटिंगेन येथे म्यूलर आणि पिल्झेकर या दोघांनी १९०० साली असे मांडले की नुकतेच पाठ केलेले पक्के व्हायला काही अवधी लागतो, आणि त्या अवधीत दुसरे काम डोक्यात कोंबले तर पहिले विस्कटते. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात गोष्ट ऐकल्यावर दहा मिनिटे स्वस्थ बसलेल्यांना ती, दुसऱ्या खेळात गुंतलेल्यांपेक्षा, आठवड्यानंतरही अधिक आठवली. पेपर दिलेल्या दिवशी विस्कटण्यासारखे ताजे फारसे नसते. परंतु दिवसभर नवे प्रकरण वाचून लगेच चित्रपट लावायचा असेल, तर आधी पुस्तक मिटून गच्चीत दहा-पंधरा मिनिटे नुसते बसावे; मोबाइलही न घेता. ही गोष्ट फार क्षुल्लक वाटते, म्हणूनच कोणी करीत नाही.

निवड बरोबर ठरली की चुकली, हे दुसऱ्या दिवशी सकाळी कळते. मूल चित्रपटाविषयी बोलले तर बोलू द्यावे. त्यात वावगे नाही. "पण त्याने असे का केले?" असे विचारू लागले, की दार उघडे राहिले असे समजावे. भाचीने शुक्रवारी सकाळी चहा घेताना जीजाजींची एक नक्कल केली, आम्ही हसलो, आणि ती उठून आपल्या खोलीत गेली. साडेअकरापर्यंत ती बाहेर आली नाही.

आता कोणी विचारील, संध्याकाळी वीज गेली, पाहुणे आले आणि लावायलाच साडेआठ वाजले, तर? तर अर्धा आज, अर्धा उद्या असे मुळीच करू नये. ओव्सिआंकिनाबाईंनी सांगितलेला ओढा आपणच हाताने निर्माण केल्यासारखे होईल. अशा वेळेसाठी एक लहान चित्रपट राखून ठेवावा. आम्ही परेश मोकाशी यांचा 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' ठेवला आहे. तो दीड तासाच्या आसपास संपतो. दादासाहेब फाळक्यांनी पहिला चित्रपट कसा काढला त्याची ही हकिकत आहे. घरातले सामान विकावे लागते, डोळ्यांवर बेतते, पण सूर शेवटपर्यंत खेळकर राहतो. आणि 'राजा हरिश्चंद्र' १९१३ साली पडद्यावर आला हे पाहणाऱ्याला आधीच ठाऊक असल्यामुळे धास्ती अशी वाटतच नाही. साडेआठला लावला तर दहाच्या सुमारास दिवा मालवता येतो. नऊ वाजून गेले असतील, तर मात्र तोही नको, अंथरूण घालावे.