शेवटचं स्टेशन कोणतं?

दिल्लीच्या द्वारकेतलं ‘सेक्टर 21’ आणि ‘मेट्रोच्या ब्लू लाइनचं द्वारकेकडचं शेवटचं स्टेशन’ ही दोन्ही वर्णनं एकाच ठिकाणाची. पण ‘सेक्टर 21 म्हणजे सेक्टर 21’ म्हटलं तर ऐकणाऱ्याला काहीच नवं कळत नाही. ‘सेक्टर 21 म्हणजे शेवटचं स्टेशन’ म्हटलं, की नवख्या प्रवाशाला कळतं, गाडी शेवटी थांबेपर्यंत बसून राहायचं.

वस्तू तीच, मग हा फरक आला कुठून? जर्मन तत्त्वज्ञ गॉटलोब फ्रेगे यांनी 1892 मध्ये याचं उत्तर दिलं. शब्द ज्याच्याकडे बोट दाखवतो तो त्याचा निर्देश, आणि ती वस्तू ज्या रीतीने आपल्यासमोर येते तो त्याचा अर्थ.

याचा पुरावा द्वारकेतच आहे. ‘एअरपोर्ट एक्सप्रेसचं द्वारकेकडचं शेवटचं स्टेशन’ हे वर्णनही पूर्वी सेक्टर 21 लाच लागू पडायचं. सप्टेंबर 2023 मध्ये हा मार्ग सेक्टर 25 मधल्या यशोभूमी स्टेशनपर्यंत वाढला. वर्णनाचा अर्थ अक्षरानेही बदलला नाही. निर्देश मात्र सेक्टर 25 वर गेला. म्हणून पाहुण्यांना पत्ता सांगताना ‘शेवटचं स्टेशन’ म्हणू नका, स्टेशनचं नावच सांगा.