बिलाच्या तळाशी

करजगीकडच्या तुरीच्या एखाद्या बिलाचा तळ पाहू. ७३,००० रुपयांचे बिल, तारीख १६ मे. खाली बारीक अक्षरात एकच वाक्य: ‘रक्कम ३० दिवसांच्या मुदतीत अदा न झाल्यास द.सा.द.शे. १८ प्रमाणे व्याज आकारणेत येईल, रक्कम खालील खात्यावर वर्ग करावी’. त्याला चिकटूनच बँकेचे आकडे.

मुदत कधीपासून? बिलापासून की माल पोचल्यापासून? भांडण इथेच होते. ‘दर साल दर शेकडा’ हे आजोबांना कळे, नातवाला नाही. मी असे लिहीन:

पैसे १५ जूनपर्यंत द्यावेत.
१६ जूनपासून बाकीवर वर्षाला १८ टक्के व्याज.
पूर्ण बिल थकल्यास रोज ३६ रुपये.

रोजचा आकडा टक्क्यापेक्षा लवकर समजतो. (७३,००० मुद्दाम घेतले, भाग नीट जातो.)

मग खात्याचे नाव, क्रमांक आणि आयएफएससी, प्रत्येकाला वेगळी ओळ. आयएफएससी अकरा अक्षरांचा असतो आणि पाचवे नेहमी शून्य. लोक तिथे इंग्रजी ‘ओ’ टाकतात. म्हणून शेजारी ‘पाचवे शून्य’ लिहावे.

मात्र व्याजाची अट सौदा ठरतानाच सांगा. माल गेल्यावर बिलावर प्रथमच छापलेली अट गिऱ्हाईक ‘मी कधी मान्य केली?’ म्हणून झटकू शकते.