शास्तीचा आकडा आणि त्यामागची कारणे
(विधिज्ञ परिषदेतील अध्यक्षीय भाषण)

अध्यक्षीय भाषणात वर्षभरातील कायद्यांचा आणि निकालांचा आढावा घ्यावा अशी या परिषदेची प्रथा आहे. परंतु ते काम सभासदांच्या निबंधांनी पुरेशा विस्ताराने केले आहे, त्यामुळे येथे एकाच प्रश्नाचा विचार करण्याची परवानगी सभागृहाने द्यावी. तो प्रश्न न्यायनिर्णय अधिकाऱ्याच्या आदेशातील शेवटच्या परिच्छेदाचा, म्हणजे ज्या परिच्छेदात रकमेचा आकडा येतो त्याचा आहे.

नियामक कायदा मोडणाऱ्याला फौजदारी न्यायालयात उभे करण्याऐवजी प्रशासनातीलच ज्या अधिकाऱ्यासमोर चौकशी होते आणि ज्याला रक्कम भरण्याचा आदेश देता येतो, तो न्यायनिर्णय अधिकारी होय. न्यायालय ठोठावते तो दंड आणि हा अधिकारी लादतो ती शास्ती, असा भेद या भाषणात सर्वत्र पाळला आहे. दंडामागे गुन्हेगार ठरण्याचा कलंक असतो आणि शास्तीमागे तो नसतो, म्हणून शास्ती सौम्य, असे मानण्याची सवय आपल्या व्यवसायाला जडली आहे. सेबीच्या कायद्यातील काही कलमांखाली शास्ती पंचवीस कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकते आणि अन्नसुरक्षा व मानके कायदा, 2006 खाली निकृष्ट दर्जाच्या अन्नासाठी पाच लाखांपर्यंत, तर मिथ्याछाप अन्नासाठी, म्हणजे लेबल नियमानुसार नसलेल्या अन्नासाठी, तीन लाखांपर्यंत जाऊ शकते, हे ध्यानात घेतले तर त्या सवयीला आधार उरत नाही.

असा कोणताही आदेश उघडून पाहिला तर त्याचे दोन अतिशय विषम भाग दिसतात. उल्लंघन झाले की नाही या प्रश्नावर वीस-पंचवीस पाने असतात, त्यांत नोटिशीतील मुद्दे, उत्तरे, पुरावा आणि निवाडे यांची तपशीलवार चर्चा असते. त्यानंतर रकमेचा परिच्छेद येतो आणि त्यात साधारणपणे एवढेच असते की झालेल्या लाभाची किंवा नुकसानीची मोजदाद करता येईल असे काही अभिलेखावर नाही, तथापि प्रकरणाची सर्व परिस्थिती लक्षात घेता अमुक लाखांची शास्ती उचित वाटते. अमुक लाखच का, त्याच्या निम्मे का नाही किंवा दुप्पट का नाही, याचे उत्तर त्या परिच्छेदात नसते. न्यायनिर्णयाच्या पद्धतीतील सर्वांत मोठा दोष हाच आहे आणि त्याच्याकडे व्यवसायाने वर्षानुवर्षे डोळेझाक केली आहे.

कायद्याने अधिकाऱ्याला मोकळे सोडले आहे असे मात्र नाही. सेबी कायद्याचे कलम 15-जे सांगते की रक्कम ठरवताना कसूर करणाऱ्याला झालेला अवाजवी लाभ, गुंतवणूकदारांचे नुकसान आणि कसुरीची पुनरावृत्ती यांचा विचार व्हावा. अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम 49 मध्ये हेच तीन घटक आहेत आणि त्यांत उल्लंघन त्या व्यक्तीच्या नकळत झाले होते काय, हा चौथा घटक घातला आहे. सेबीच्या 1995 च्या चौकशी नियमांनुसार आदेशात कारणेही द्यावी लागतात. शब्द सगळे जागच्या जागी आहेत, फक्त ते रकमेपर्यंत पोहोचत नाहीत.

ते का पोहोचत नाहीत, हे सेबी कायद्याच्या कलम 15-ए च्या इतिहासावरून कळते. माहिती किंवा विवरण मुदतीत न देणाऱ्यासाठी 1995 साली जी तरतूद झाली तिच्यात दररोज पाच हजार रुपयांपेक्षा अधिक नाही एवढी शास्ती होती, म्हणजे तो आकडा कमाल मर्यादेचा होता आणि त्याच्या आत अधिकाऱ्याला वाव होता. 2002 च्या दुरुस्तीने रक्कम दररोज एक लाख किंवा एक कोटी यांपैकी जी कमी असेल ती, अशी केली आणि त्याबरोबरच ‘पेक्षा अधिक नाही’ हे शब्दही गेले. समजा, 2010 साली एखाद्या छोट्या भागधारकाने तीन लाख रुपयांच्या भागांची खरेदी कळवणारा अर्ज चाळीस दिवस उशिरा दिला. 2002 चा मजकूर अक्षरशः लावला तर त्याच्यावर चाळीस लाखांची शास्ती येते, म्हणजे खरेदीच्या रकमेच्या तेरापटीहून अधिक. उशीर शंभर दिवसांचा झाला की एक कोटी होतात आणि त्यापुढे उशीर हजार दिवसांचा असला तरी आकडा तोच राहतो. लाभ किती झाला, कोणाचे नुकसान झाले का, पूर्वी कधी असे घडले होते का, या प्रश्नांना या गणितात जागाच नाही.

हे गणित केवळ कागदावरचे राहिले नाही. सेबी विरुद्ध रूफिट इंडस्ट्रीज या 2015 च्या निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या काळातील मजकुराचा असाच अर्थ लावला आणि कलम 15-जे चे घटक तेथे लागू होत नाहीत असे म्हटले. 2014 च्या दुरुस्तीने किमान एक लाख आणि कमाल दररोज एक लाख, एकूण एक कोटीपर्यंत, अशी रचना करून अधिकाऱ्याचा वाव परत दिला होता, परंतु आधीच्या बारा वर्षांतील प्रकरणे लोंबकळतच राहिली. 2016 साली सिद्धार्थ चतुर्वेदी प्रकरणात दोन न्यायमूर्तींनी रूफिटच्या अर्थाबद्दल शंका व्यक्त करून प्रश्न मोठ्या पीठाकडे पाठवला आणि 2019 साली भावेश पबारी प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने त्याचा निकाल लावला: त्या काळातही अधिकाऱ्याला तारतम्य होते आणि कलम 15-जे मधील तीन घटक उदाहरणादाखल आहेत, त्यांच्यापलीकडच्या संबद्ध गोष्टीही पाहता येतात.

भावेश पबारीचे स्वागत सर्वांनी केले आणि ते योग्यच होते. मात्र त्या निवाड्याने दार उघडले म्हणून दारातून कोण काय आत आणतो याची नोंद ठेवण्याचे कोणी मनावर घेतले नाही. इतर संबद्ध गोष्टी पाहता येतात याचा अर्थ त्या न सांगता पाहता येतात असा नव्हे. उलाढाल, कौटुंबिक संबंध, वर्तमानपत्रात आलेली बातमी, असे काहीही रकमेत मिसळले जाऊ शकते, आणि ज्याला पैसे भरायचे त्याला ते आदेश हाती पडेपर्यंत कळत नाही. टी. टकानो विरुद्ध सेबी या 2022 च्या निवाड्याने, अधिकाऱ्याच्या निर्णयाशी संबंधित सामग्री सामान्यतः पक्षकाराला दाखवली पाहिजे, हे तत्त्व पुन्हा सांगितले. त्या तत्त्वाला उल्लंघनाच्या प्रश्नापाशीच थांबवण्याचे कारण नाही.

या परिषदेत काल दोन बाजू मांडल्या गेल्या. एका बाजूचे म्हणणे असे की श्रीराम म्युच्युअल फंड प्रकरणातील 2006 च्या निवाड्यानुसार हेतू सिद्ध करण्याची गरज नसल्यामुळे उल्लंघन दिसले की शास्ती ओघानेच येते आणि मग रकमेवर लांबलचक चर्चा हा वेळेचा अपव्यय आहे. दुसऱ्या बाजूला दरपत्रक हवे आहे, म्हणजे प्रत्येक कसुरीपुढे एक ठरलेली रक्कम. पहिल्या बाजूने दोन प्रश्नांची गल्लत केली आहे. हेतू नसला तरी जबाबदारी येते, हे श्रीरामने सांगितले. हेतू नसला तरी रक्कम तीच, असे त्यावरून निघत नाही, आणि कलम 49 मध्ये ‘नकळत’ हा शब्द संसदेने विनाकारण घातलेला नाही. केवळ तांत्रिक चुकीसाठी शास्ती न लावण्याचीही मुभा प्राधिकाऱ्याला असते, हे हिंदुस्तान स्टील प्रकरणात 1969 सालीच सांगितले गेले आहे.

दुसऱ्या बाजूला उत्तर प्रस्तुत अध्यक्षांच्या वकिलीतील एका जुन्या प्रकरणातून मिळते. गृहोद्योगातून वाढलेल्या आणि रीतसर परवाना घेतलेल्या एका पापड कारखान्याच्या पाकिटावर बॅच क्रमांक छापला गेला नव्हता, कारण शाई संपल्यावर छपाईयंत्र रिकामेच फिरत राहिले होते आणि ते अर्ध्या दिवसाने लक्षात आले. त्याच दिवशी, त्याच अधिकाऱ्यासमोर, त्याच कलमाखाली दुसऱ्या एका मसाला उत्पादकाचे प्रकरण होते आणि तेथेही बॅच क्रमांकच नव्हता. पहिल्याला पंचाहत्तर हजारांची आणि दुसऱ्याला पंधरा हजारांची शास्ती झाली, आणि दोन्ही आदेशांतील रकमेचा परिच्छेद शब्दशः एकच होता. अपिलासाठी नकला मागवताना कार्यालयातील मूळ फाइल पाहण्यात आली, तेव्हा रोजनाम्याच्या समासात पेन्सिलीने ‘75’ असा आकडा लिहिलेला आढळला आणि त्याची तारीख सुनावणीच्या आठ दिवस आधीची होती. अधिकारी सज्जन होते. अपील संपल्यानंतर पुष्कळ दिवसांनी त्यांनी मोकळेपणाने सांगितले की कारखान्याच्या परवान्याच्या अर्जातील उलाढाल पाहून त्यांनी तो आकडा धरला होता. तो अर्ज पाच वर्षांपूर्वीचा होता, दरम्यान अर्धी यंत्रे विकली गेली होती, आणि उलाढालीबद्दल नोटिशीत एक अक्षरही नसल्यामुळे मालकीणबाईंना ते सांगण्याची संधी मिळाली नव्हती. दरपत्रक असते तर दोघांना एकच रक्कम झाली असती हे खरे, पण अर्ध्या दिवसाची चूक आणि वर्षभर चाललेली चूक यांनाही ती एकच झाली असती. अडचण अधिकाऱ्याला तारतम्य असण्यात नव्हती, तर ते समासात पेन्सिलीने वापरले जाण्यात होती.

दरोड्याच्या खटल्यातील आरोपीला, दोषी ठरल्यानंतर, शिक्षा किती असावी यावर स्वतंत्रपणे ऐकले जाते. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 235 ने सत्र न्यायालयाला हे बंधन घातले होते आणि नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही ते कायम आहे. पापड कारखान्याच्या मालकीणबाईंना ते का मिळू नये, याचे समाधानकारक उत्तर इतक्या वर्षांत कोणाकडूनही ऐकायला मिळालेले नाही. त्यासाठी दुसरी तारीख लागतेच असे नाही. कारणे दाखवा नोटिशीतच एक परिच्छेद असावा आणि त्यात अधिकारी रकमेसाठी कोणत्या गोष्टी विचारात घेणार आहे, उलाढालीचा कोणता कागद त्याच्यापुढे आहे, पूर्वीची कोणती नोंद आहे, हे लिहिलेले असावे, म्हणजे पक्षकाराला त्याच उत्तरात त्यावर बोलता येईल. आदेशात लाभ, नुकसान, पुनरावृत्ती आणि अजाणतेपणा यांपैकी प्रत्येकावर काय आढळले, किंवा काहीच आढळले नाही, हे वेगवेगळे नोंदवावे. लाभ मोजता आला नाही असे आढळले तर ते रक्कम वाढवण्याचे कारण होऊ शकत नाही, कारण मोजण्याचा भार खात्यावर आहे. सुरुवात कोणत्या रकमेपासून केली आणि कशामुळे ती खाली किंवा वर गेली, हे दोन वाक्यांत सांगता येते. अशा आदेशाविरुद्ध अपील झाले तर अपील प्राधिकरणाला कोणती पायरी चुकली ते तपासता येईल. आज त्याच्यापुढे फक्त आकडा असतो आणि तो कमी करताना तेही दुसरा आकडाच देते.

शास्तीच्या आदेशांची विषयवार टाचणे करून ठेवण्याचे काम परिषदेने हाती घ्यावे, अशी सूचना या निमित्ताने करण्यात येत आहे. त्याचा आराखडा कार्यकारिणीने ठरवावा. एखाद्या जिल्ह्यातील दोन-तीन वर्षांचे आदेश गोळा झाले तरी सुरुवात होईल, आणि त्यांतील रकमेचे परिच्छेद शेजारी शेजारी ठेवण्यासाठी कोणी तरुण सभासद पुढे आला तर प्रस्तुत अध्यक्षांकडील जुन्या प्रकरणांच्या नकला, पेन्सिलीच्या आकड्याच्या त्या पानासह, त्याच्या स्वाधीन करण्यात येतील.