चेंडूवरचें जाळें



मी अनेक वर्षें वर्गांत गोलाचें पृष्ठफळ शिकविलें. सूत्र फळ्यावर लिहावें आणि उदाहरणें सोडवून घ्यावीं, असा माझा शिरस्ता. एकदां एका मुलानें विचारलें, "गुरुजी, गोलाचें पृष्ठ मधल्या वर्तुळाच्या चौपटच कां? तिप्पट कां नाहीं?" मला उत्तर ठाऊक नव्हतें. "सूत्र पाठ कर," असें म्हणून मी त्याला खालीं बसविलें. तें देणें आज फेडावयाचें आहे.

त्या मुलाच्या प्रश्नानें मोठमोठ्यांनाही चकविलें आहे. आठव्या शतकांतील ज्योतिषी लल्लाचार्य यांचा नियम असा होता कीं, वर्तुळाच्या क्षेत्रफळास परिघानें गुणावें म्हणजे गोलाचें पृष्ठफळ येतें. पृथ्वीचा व्यास १०५० योजनें धरून त्यांचें उत्तर २८५ कोटींच्या वर गेलें. वास्तविक तें ३५ लाखांच्या आंत हवें. असली चूक ओळखण्याची एक खूण आहे. एका हाताचीं अंगुळें २४. हातांऐवजीं अंगुळांनीं मापलें तर कोणत्याही पृष्ठाचा आंकडा २४ गुणिलें २४ पट वाढला पाहिजे. लल्लांच्या नियमानें तो आणखी २४ पटींनीं वाढतो, म्हणजे तो घनफळासारखा वागतो.

इ. स. ११५० मध्यें भास्कराचार्यांनीं 'सिद्धान्तशिरोमणि' रचिला. त्यांतील गोलाध्यायांत त्यांनीं लल्लांचा नियम खोडून काढला, आणि नुसतें खोडून न थांबतां खरें माप कसें काढावें तेंही दाखविलें. 'लीलावतीं'त ते गोलाच्या पृष्ठाला चेंडूवरच्या जाळ्याची उपमा देतात. आपणही तें जाळें उलगडून पाहूं.

९६ हात परिघाचा एक गोल कल्पा. आवळ्यावर देंठापासून खालपर्यंत रेषा असतात, तशा रेषांनीं त्याच्या पृष्ठाच्या ९६ फांका करा. प्रत्येक फांक मध्यावर एक हात रुंद असून दोन्ही टोंकांस निमुळती होते. टोंकापासून मध्यापर्यंत तिची लांबी २४ हात. या अर्ध्या फांकेच्या एकेक हात उंचीच्या २४ आडव्या पट्ट्या पाडा. पट्टीची रुंदी किती, हें ज्यांच्या कोष्टकावरून कळतें. त्यांत त्रिज्या ३४३८ धरून २४ ज्या दिल्या आहेत; त्या त्या ज्येला ३४३८ नें भागलें कीं त्या ठिकाणची रुंदी हातांत मिळते.

सर्व ज्यांची बेरीज ५४२३३ होते. पण पट्टीची रुंदी तिच्या वरच्या व खालच्या कडांची सरासरी असते. त्यामुळें बेरजेंत मधल्या सर्व कडा पूर्ण येतात, शेवटची मात्र अर्धीच यावयास हवी. म्हणून अर्धी त्रिज्या, म्हणजे १७१९, वजा करा. उरले ५२५१४. त्यांस ३४३८ नें भागून दुप्पट केली कीं पूर्ण फांकेचें क्षेत्रफळ येतें : ३० पूर्णांक ३३ साठांश. आतां ९६ हात परिघाच्या गोलाचा व्यास काढा. तोही ३० पूर्णांक ३३ साठांशच!

म्हणजे एका फांकेचें क्षेत्रफळ व्यासाइतकें, आणि फांका परिघाइतक्या. पृष्ठफळ झालें परिघ गुणिलें व्यास. वर्तुळाचें क्षेत्रफळ तर परिघ गुणिलें व्यासाचा चौथा भाग. मग गोल चौपट होणारच.

कोणी म्हणेल, ही तर आंकड्यांची जुळणी. खरें आहे, बारीक पाहिलें तर फांकेचा आंकडा व्यासाहून किंचित् कमी भरतो, कारण पट्ट्यांच्या कडा आपण सरळ धरल्या. परंतु नेमकें कारणही आहे. गोल एका घट्ट बसणाऱ्या, व्यासाएवढ्याच उंचीच्या नळींत घाला. गोल व नळी दोन्हींवर समान उभ्या उंचीची एक अगदीं अरुंद आडवी पट्टी घ्या. गोलाच्या टोंकाकडे वर्तुळ लहान होतें, पण पृष्ठ कलतें, म्हणून पट्टी तितकीच अधिक रुंद होते. वर्तुळ अर्धें झालें तर पट्टीची रुंदी दुप्पट. घट आणि वाढ तंतोतंत फिटतात, म्हणून दोन्ही पट्ट्या समान. नळीची बाजू उलगडली तर परिघाइतका लांब व व्यासाइतका उंच आयत मिळतो. गोल आणि नळी यांचें हें नातें ग्रीक गणिती आर्किमिडीज यानें ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकांतच सिद्ध केलें होतें.

पृष्ठ हातीं आलें कीं घनफळ दूर नाहीं. पृष्ठाचे बारीक तुकडे करून प्रत्येकाचें टोंक मध्यबिंदूला जोडा. गोलाचे असंख्य सुळके होतील. सुळक्याचें घनफळ तळ गुणिलें उंचीचा तिसरा भाग, आणि येथें उंची म्हणजे त्रिज्या. म्हणून पृष्ठास व्यासानें गुणून सहांनीं भागावें. व्यास ७ असेल तर परिघ सुमारें २२, पृष्ठ १५४, आणि घनफळ १७९ पूर्णांक दोन तृतीयांश.

घरीं पडताळा पाहावयाचा असेल तर शक्य तितकें वाटोळें संत्रें घ्या. तें मधोमध कापून त्याच्या कडेनें कागदावर चार वर्तुळें काढा आणि सालीचे लहान तुकडे करून तीं भरा. मोठे तुकडे सपाट बसत नाहींत व फटी राहतात. संत्रें चपटें असेल तर साल चारांस पुरत नाहीं. तुकडे बारीक असतील तर चारही वर्तुळें भरतात आणि पांचव्यासाठीं कांहीं उरत नाहीं.

तो मुलगा आज कोठें असेल तें मला ठाऊक नाहीं. ऐकत असेल तर त्यानें आतां खालीं बसावें. त्याचा प्रश्न बरोबर होता.