डॉलरची गुंतवणूक आणि बाईची सही

(कांदिवलीच्या गटाच्या मासिक बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन.)

मैत्रिणींनो, गेल्या बैठकीत चारकोपच्या एका मैत्रिणीने विचारलेल्या प्रश्नावर आपण सगळ्याच हसलो होतो. ती म्हणाली, "ताई, मुलगी नववीत आहे. पुढे परदेशी शिकायचं म्हणते. फी डॉलरमध्ये, माझा पगार रुपयात. मग थोडी बचत आत्तापासूनच डॉलरमध्ये का करू नये?" हसू यासाठी आलं, की आपल्यातल्या बऱ्याच जणींचं पहिलं बचत खातंसुद्धा नवऱ्याच्या नकळत उघडलेलं, आणि ही एकदम अमेरिकेच्या शेअरबाजाराचं बोलत होती. पण प्रश्न शहाणा आहे. आणि डॉलर काही चारकोपला परका नाही. जागतिक बँकेच्या कर्जातून म्हाडाने १९८०च्या दशकात जे भूखंड पाडले, त्यांवरच तिची सोसायटी उभी आहे.

घरी बसून परदेशी शेअर्समध्ये पैसे घालायचे दोन मुख्य रस्ते आहेत. एक रुपयातला : इथल्या म्युच्युअल फंडाची परदेशी शेअर्स घेणारी योजना घ्यायची. तुम्ही रुपये देता, डॉलर फंड करतो. दुसरा डॉलरचा : बँकेतून पैसे बाहेर पाठवून परदेशी दलालाकडे स्वतःच्या नावाचं खातं काढायचं. पहिला रस्ता आपल्यासारख्यांना सोयीचा, पण त्यावर एक फाटक आहे, त्याची माहिती आधी सांगते.

देशातल्या सगळ्या म्युच्युअल फंडांनी मिळून परदेशी शेअर्समध्ये किती पैसा न्यावा, याची मर्यादा सात अब्ज डॉलर आहे, आणि एका फंड कंपनीला एक अब्ज. परदेशी ईटीएफ घेण्यासाठी वेगळे एक अब्ज. फेब्रुवारी २०२२ मध्ये सात अब्जांची मर्यादा भरत आली तेव्हा सेबीने नवे पैसे घेणं थांबवायला सांगितलं. जूनमध्ये फाटक किलकिलं झालं, तेही फेब्रुवारीच्या पातळीपुरतंच. एप्रिल २०२४ पासून ईटीएफवाल्या योजनांवरही अशीच वेळ आली. तेव्हापासून एखादी योजना कधी उघडी, कधी बंद, तर कधी महिन्याला ठरावीक रकमेपुरतीच उघडी असते. म्हणून 'हप्ता चालू केला, आता सात वर्षं बघायला नको' असं इथे धरून चालत नाही. हप्ता अडला तर पैसे कुठे ठेवायचे, हे आधीच ठरवून ठेवा.

फाटक बंद झाल्यावर काय घडतं ते नीट समजून घ्या, कारण फसगत नेमकी तिथे होते. आपल्या शेअरबाजारातही अमेरिकी निर्देशांकाचे ईटीएफ मिळतात, म्हणजे बाजारात शेअरसारखी खरेदी-विक्री होणारी फंडाची युनिट्स. फंडाला नवी युनिट्स काढता येईनाशी झाली की आहेत तीच हातोहात फिरतात. मागणी असते, माल वाढत नाही. दिवाळीच्या आदल्या दिवशी झेंडूचं होतं तसंच. युनिटच्या पोटातल्या शेअर्सची किंमत शंभर रुपये, पण बाजारात ते एकशे अठराला विकलं जातं. समजा तुम्ही एकशे अठराला घेतलंत. दोन वर्षांत आतले शेअर्स वीस टक्के वाढले, एकशे वीस झाले. दरम्यान फाटक उघडलं आणि वरचा भाव दोन टक्क्यांवर आला. तुम्हाला विकून साधारण एकशे बावीस मिळतील. शेअर्स वाढले वीस टक्के, तुमच्या पदरात पडले जेमतेम साडेतीन टक्के. आणि यात कुणी चोरी केलेली नाही!

हे ओळखायचं कसं? प्रत्येक फंड कंपनी आपल्या वेबसाइटवर दिवसभर युनिटचं अंदाजी मूल्य दाखवते, त्याला iNAV म्हणतात. खरेदीच्या वेळी बाजारभाव त्याच्या शेजारी ठेवून बघा. आपला बाजार चालू असतो तेव्हा अमेरिकेचा बंद असतो, त्यामुळे टक्का-दोन टक्के फरक पडणारच. दहा टक्के दिसले तर घेऊ नका. थेट फंड कंपनीकडून घेतलेल्या योजनेत युनिट दिवसाच्या एनएव्हीनेच मिळतं, म्हणून ती उघडी असेल तर तीच बरी.

आता रुपयाचं. १९९१च्या जुलैमध्ये अवमूल्यन झालं तेव्हा डॉलर सव्वीस रुपयांच्या आसपास गेला होता, हे आपल्यातल्या पन्नाशीच्या बायकांना आठवत असेल. डिसेंबर २०२५ मध्ये त्याने नव्वदी ओलांडली. म्हणून 'डॉलर वाढतोच' असं सगळे म्हणतात. वर्षावर्षाचं गणित मात्र वेगळं असतं. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या पाचशे बड्या कंपन्यांचा एस अँड पी ५०० हा निर्देशांक एकोणीस टक्क्यांहून थोडा जास्त घसरला. पण त्याच वर्षी डॉलर चौऱ्याहत्तरवरून साडेब्याऐंशीच्या पुढे गेला, त्यामुळे रुपयात मोजलं तर नुकसान दहा टक्क्यांच्या आसपासच राहिलं. २००७ मध्ये उलटं झालं. तो निर्देशांक साडेतीन टक्के वाढला, पण डॉलर चव्वेचाळीसवरून साडेएकोणचाळीसच्या खाली आला आणि इथल्या माणसाचे आठेक टक्के गेले. म्हणजे तुम्ही दोन गोष्टींवर पैसे लावता, शेअरवर आणि चलनावर. आमच्या चारकोपच्या मैत्रिणीला मात्र २००७ सारखं वर्ष तितकंसं लागणार नाही. डॉलर स्वस्त झाला तर तिची बचत रुपयात आटेल, पण मुलीची फीही रुपयात तेवढीच उतरेल. ज्या बाईला म्हातारपणी कांदिवलीतच राहायचं आहे, भाजी-औषधं रुपयातच घ्यायची आहेत, तिला ही सवलत नाही. तिने आपल्या बचतीचा लहान तुकडाच तिकडे न्यावा, असं माझं मत आहे.

कराचं दोन गोष्टींपुरतंच सांगते. एक, आपल्या देशी शेअर-फंडांवर वर्षाला सव्वा लाखापर्यंतच्या दीर्घ मुदतीच्या नफ्याला कर नाही, ती सवलत परदेशी शेअर्सच्या योजनांना लागू नाही. चोवीस महिन्यांच्या वर ठेवलेल्या युनिट्सच्या नफ्यावर साडेबारा टक्के, त्याआधी विकलं तर नफा तुमच्या उत्पन्नात मिळवून स्लॅबप्रमाणे कर. बाजारात नोंदलेल्या ईटीएफला चोवीसऐवजी बारा महिने. मधली दोन वर्षं नियम वेगळा होता. १ एप्रिल २०२३ नंतर घेतलेल्या अशा योजनांचा नफा कितीही वर्षं ठेवला तरी स्लॅबनेच धरला जाई. १ एप्रिल २०२५ पासूनच्या विक्रीला ते लागू नाही, पण जुनी माहितीपत्रकं अजून फिरतात. शिवाय हप्त्याने घेतलं असेल तर प्रत्येक हप्त्याचे चोवीस महिने वेगळे मोजतात.

दुसरी गोष्ट, कर रुपयातल्या नफ्यावर असतो. हजार डॉलर चौऱ्याहत्तरच्या भावाने गेले, शेअर तिथेच राहिला आणि पंच्याऐंशीच्या भावाने हजार डॉलरच परत आले, तरी कायद्याच्या दृष्टीने तुम्हाला अकरा हजारांचा नफा झाला. त्यावर साडेबारा टक्क्यांनी पावणेचौदाशे रुपये कर, वर उपकर.

आता दुसरा रस्ता, आणि ज्या गोष्टीसाठी मी खरं तर आज उभी राहिले ती. रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली प्रत्येक व्यक्तीला वर्षाला अडीच लाख डॉलर बाहेर पाठवता येतात. वर्षात दहा लाख रुपयांच्या वर गुंतवणुकीसाठी पाठवले, तर वरच्या रकमेवर बँक वीस टक्के टीसीएस कापते. चौदा लाख पाठवले तर चार लाखांवर ऐंशी हजार. ते बुडत नाहीत, विवरणपत्रात वळते होतात, पण तोवर अडकून राहतात. आणि ही दहा लाखांची मोजणी पॅनवर होते. इथे बायकोचा पॅन आठवतो!

एका मैत्रिणीची गोष्ट आहे. नवऱ्याने स्वतःचे दहा लाख बाहेर पाठवले. मग आठ लाख हिच्या खात्यात टाकले आणि हिच्या नावाने परदेशी खातं काढून तिकडे पाठवले. हिने फोनवर आलेला आकडा सांगितला, दोन ठिकाणी सही केली. तिला वाटलं, नवऱ्याने आपल्या नावावर काहीतरी केलं. खरं काय झालं ते बघा. बायकोला दिलेल्या पैशावरचं उत्पन्न नवऱ्याच्याच उत्पन्नात मिळवून कर लागतो, म्हणजे कर वाचला नाही. पण खातं हिचं आहे. परदेशात मालमत्ता असलेल्या इथल्या रहिवाशाला उत्पन्न करपात्र नसलं तरी विवरणपत्र भरावं लागतं, आणि त्यात परदेशी मालमत्तेचं परिशिष्ट, शेड्यूल एफए, भरावं लागतं. ते साध्या आयटीआर-१ मध्ये नाहीच, आयटीआर-२ लागतो. तिने मात्र दरवर्षीप्रमाणे शाळेच्या पगाराचा आयटीआर-१ भरला. ही माहिती दडवण्याला २०१५च्या काळ्या पैशाच्या कायद्याखाली दहा लाखांचा दंड आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून, घर-जमीन सोडून परदेशी मालमत्ता एकूण वीस लाखांपर्यंत असेल तर तो दंड लागत नाही. या तरतुदीने ती वाचली. माहिती भरण्याची जबाबदारी मात्र तरीही सुटत नाही. मुदत संपायच्या आत तिने सुधारित विवरणपत्र भरलं. हे परिशिष्ट जानेवारी ते डिसेंबर असं भरतात, आर्थिक वर्षाप्रमाणे नाही, तिथेही तिची एकदा चूक झाली होतीच.

रुपयातल्या फंडाला हे काही लागत नाही, कारण ती युनिट्स भारतातलीच मालमत्ता आहे. विधवा बाईच्या दृष्टीने आणखी एक फरक आहे. परदेशी माणसाच्या नावावर साठ हजार डॉलरच्या वर अमेरिकी शेअर्स असले, तर मृत्यूनंतर अमेरिका वारसाकर लावते, तो चाळीस टक्क्यांपर्यंत जातो. तो भरून शेअर्स सोडवायला कागदपत्रं घेऊन ज्या बाईला फिरावं लागतं, तिला अनेकदा खात्याचा पासवर्डसुद्धा माहीत नसतो.

चारकोपच्या मैत्रिणीने शेवटी काय केलं, असं मघाशी कुणीतरी विचारलं. तिने रुपयातली योजना घेतली, महिना दोन हजार, स्वतःच्या पगारातून. सहाव्या महिन्यात फंडाने नवे हप्ते थांबवले. ते दोन हजार ती सध्या आवर्ती ठेवीत टाकते आणि दर महिन्याच्या पाच तारखेला योजना उघडली का, ते बघते. नवऱ्याने एक फॉर्म पुढे केला होता, दलालाचा. तिने तो पर्समध्ये घालून इथे आणला आहे. चहा झाल्यावर आपण तो ओळीओळीने वाचणार आहोत. ज्यांच्याकडे असे फॉर्म असतील त्यांनी थांबावं.